जर्मनीतल्या मशीन कंपनीला फोन लावण्याआधी: तिकडे आत्ता कुणी जागेवर आहे का?

प्रश्न: भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. एक सीएनसी मशीन थेट जर्मनीहून घेतलेलं आहे. बिघाड झाला की कंपनीच्या सपोर्टला फोन करावा लागतो. वेबसाइटवर वेळ दिलेली आहे, साडेतीन-साडेचार तासांचा हिशोब करूनच मी फोन लावतो, तरी बऱ्याचदा कुणी उचलत नाही. फोन लावण्याआधी तिकडे आत्ता चालू आहे की बंद, हे कसं ओळखायचं? आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शनिवार-रविवार काम चालतं.

उत्तर:

आयात केलेल्या मशीनच्या सर्व्हिसचं समन्वयाचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. तुमचा तासांचा हिशोब बरोबर असणार. गडबड होते ती क्रमाची. बहुतेक जण आधी घड्याळ बघतात. मी ते सगळ्यात शेवटी बघते. आधी फोन नेमका कुठल्या गावात वाजणार ते शोधायचं, मग त्या गावात आज कसला दिवस आहे ते बघायचं, आणि ही दोन्ही उत्तरं हातात आली की मग तिथे किती वाजलेत ते.

गावाला एवढं महत्त्व का? जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि सुट्ट्यांचा बराचसा भाग राज्यांच्या हातात आहे. देशभर सारख्या अशा सुट्ट्या फक्त नऊ. बाकीच्या राज्यागणिक बदलतात. ६ जानेवारीला श्टुटगार्ट आणि म्युनिक बंद असतात, हॅम्बर्ग चालू असतं. ३१ ऑक्टोबरला हॅम्बर्ग बंद, श्टुटगार्ट चालू. त्यामुळे ‘जर्मनीत आज सुट्टी आहे का’ असं गूगलवर विचारलंत तर मिळणारं उत्तर तुमच्या कंपनीला लागू होईलच असं नाही.

गाव कळतं ते बहुधा फोन नंबरवरूनच. +49 च्या पुढचे आकडे म्हणजे गावाचा कोड: 711 श्टुटगार्ट, 7141 लुडविग्सबुर्ग, 89 म्युनिक, 40 हॅम्बर्ग, 351 ड्रेस्डेन. यातली पहिली दोन गावं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात. मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची तिथे दाटी आहे, म्हणून पुढचं सगळं उदाहरण मी तिथलंच घेणार आहे. एक बारीक गोष्ट: वेबसाइटवर नंबर पुष्कळदा +49 (0) 711 असा छापलेला असतो. कंसातलं शून्य जर्मनीच्या आतून फोन करणाऱ्यांसाठी आहे. भारतातून लावताना ते गाळायचं. ते तसंच ठेवलं की फोन लागत नाही, आणि आपण समजतो की ऑफिस बंद आहे.

तसंच 0800 किंवा 0180 ने सुरू होणाऱ्या नंबरांचं. त्यांवरून गाव कळत नाही आणि परदेशातून ते बहुतेक वेळा लागतही नाहीत. अशा नंबरावर आलेलं अपयश म्हणजे ‘बंद’ असा अर्थ मुळीच काढू नका. गावाच्या कोडचा नंबर शोधा.

तो दिसला नाही तर वेबसाइटच्या तळाशी Impressum नावाचं पान असतं. कंपनीचा पूर्ण पत्ता तिथे देणं जर्मन कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ते पान सापडतंच. फक्त तो पत्ता नोंदणीकृत कार्यालयाचा असतो. मुख्यालय एका राज्यात आणि सर्व्हिस विभाग दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात, असं होतं. म्हणून हॉटलाइनच्या नंबराचा कोड आणि Impressum मधलं गाव वेगळं निघालं तर कोडवर विश्वास ठेवा. मागच्या बिघाडाच्या वेळी त्यांच्या सर्व्हिसवाल्याचा ईमेल आला असेल तर त्याच्या सहीखालचा पत्ता आणि थेट नंबर सगळ्यात भरवशाचा, कारण तो माणूस खरोखर त्या टेबलावर बसतो.

आता दिवस. इथे तुमची गुरुवारची सुट्टी मध्ये येते, आणि मला वाटतं तुमचे बरेचसे वाया गेलेले फोन याच फटीत पडले असावेत.

जर्मनीतल्या दोन सुट्ट्या कायम गुरुवारीच येतात, कारण त्या ईस्टरवरून मोजल्या जातात. एक क्रिस्टी हिमेलफार्ट, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस. ही देशभर असते. दुसरी फ्रोनलाइखनाम, ती बाडेन-व्युर्टेम्बर्ग, बव्हेरिया, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया अशा काही राज्यांतच. गुरुवारी सुट्टी म्हटल्यावर मधला शुक्रवार कोण सोडणार? बरेच जण रजा टाकून चार दिवस सलग घेतात, आणि काही लहान-मध्यम कंपन्या तर त्या शुक्रवारी सगळा कारखानाच बंद ठेवतात. अशा मधल्या दिवसाला तिकडे ब्र्युकेनटाग म्हणतात. तो कुठल्याही सरकारी यादीत नसतो. यादी बघून ‘आज सुट्टी नाही’ असं ठरवणारा माणूस नेमका इथे फसतो.

प्रत्यक्ष एक दिवस घेऊ. शुक्रवार, ५ जून २०२६. गुरुवारी तुमचं शॉप बंद होतं. शुक्रवारी सकाळी मशीन चालू केलं, स्पिंडलचा अलार्म आला, मेंटेनन्सवाल्याने तासदोन तास खटपट केली आणि अकरा चाळीसला तुम्ही फोन हातात घेतला. कंपनी लुडविग्सबुर्गजवळची, नंबर 7141 चा. वेबसाइट सांगते: Mo–Do 7:30–16:30, Fr 7:30–14:00. जूनमध्ये फरक साडेतीन तासांचा, म्हणजे तिकडे सकाळचे ८:१०. वेळेत बसतं. सुट्ट्यांची यादी उघडली, ५ जूनला काहीही नाही. सगळं हिरवं दिसतंय. पण यादीत एक ओळ वर बघितलं तर ४ जूनला, गुरुवारी, फ्रोनलाइखनाम आहे आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ती सुट्टी लागू आहे. शिवाय त्या राज्यात पेंटेकोस्टनंतर शाळांना साधारण दोन आठवडे सुट्टी असते, ती याच दिवसांत संपत आलेली असते. म्हणजे मुलंबाळं असलेला कर्मचारी बहुधा गावात नसणार. अशा शुक्रवारी मी फोन लागण्याची शक्यता निम्म्याहून कमी धरते आणि आधी वेबसाइटवर बातम्यांच्या जागी किंवा संपर्काच्या पानावर काही सूचना आहे का ते बघते. geschlossen हा शब्द आणि त्याशेजारी तारीख दिसली की विषय संपला: बंद. तसं असेल तर पुढची खरी वेळ सोमवार, ८ जून, आपल्या सकाळी अकराची.

हीच कंपनी हॅम्बर्गची असती तर? फ्रोनलाइखनाम तिथे सुट्टीच नाही. गुरुवारही चालू, शुक्रवारही चालू. तोच देश, तेच घड्याळ.

म्हणून यादी बघताना आजची तारीख पुरत नाही, कालची आणि उद्याचीही बघायची. मंगळवारी सुट्टी असेल तर सोमवार संशयास्पद, गुरुवारी असेल तर शुक्रवार. आपल्याकडे बँका बंद की सगळं बंद असा अंदाज चालतो, तसा तिकडे चालत नाही. कोलोन, ड्युसेलडॉर्फ, माइन्झ या ऱ्हाइनकाठच्या शहरांत कार्निव्हलच्या सोमवारी कायद्याने सुट्टी नसते, पण ऑफिसांत माणूस सापडणं कठीण. श्टुटगार्टमधला तोच सोमवार बहुतेक ऑफिसांत नेहमीसारखा जातो.

ऑगस्टबद्दल विचाराल म्हणून सांगते: बऱ्याच कारखान्यांना उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे Betriebsferien, म्हणजे सगळ्या कारखान्याची एकत्र सुट्टी असते, पण सर्व्हिसचं टेबल तेव्हाही बहुधा एखाददुसरा माणूस ठेवून चालू असतं. फोन उचलला जातो, उत्तर उशिरा मिळतं.

आता वेळ. आधी हे बघा की पानावर छापलेली वेळ कशाची आहे. एकाच कंपनीच्या पानावर तीन वेगवेगळ्या वेळा असू शकतात. Öffnungszeiten म्हणजे सर्वसाधारण उघडण्याची वेळ. Warenannahme म्हणजे गेटवर माल उतरवून घेण्याची वेळ. ती तुमच्या कामाची नाही. Servicezeiten किंवा Hotline असं जिथे लिहिलंय तीच तुमची. पान इंग्रजीत भाषांतर करून वाचत असाल तर हा फरक कधीकधी पुसला जातो, म्हणून मूळ जर्मन पान एकदा डोळ्यांखालून घाला. दिवस Mo, Di, Mi, Do, Fr असे लिहितात. Do म्हणजे गुरुवार, Di म्हणजे मंगळवार. या दोघांची गल्लत फार होते.

शुक्रवार लवकर संपतो ही त्यांची सवय नाही, व्यवस्था आहे. पश्चिम जर्मनीच्या धातू आणि यंत्र उद्योगात कामगार करारांप्रमाणे १९९५ पासून आठवडा ३५ तासांचा आहे, आणि तासांची ती बचत बऱ्याच ठिकाणी शुक्रवार दुपारच्या नावे टाकली जाते. दुपारी दोनला बंद म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. तुमची सेकंड शिफ्ट साडेतीनला सुरू होत असेल तर शुक्रवारी त्या शिफ्टच्या वाट्याला जर्मनीचे जेमतेम दोन-तीन तास येतात, आणि त्यानंतर तुमचे दोन पूर्ण कामाचे दिवस, शनिवार आणि रविवार, तिकडे कुणी नसतं. शुक्रवारी दुपारी मशीन जरा जरी कुरकुरत असेल तर थांबू नका, तेव्हाच फोन करा.

घड्याळाचं गणित तुम्हाला येतंच, तरी एकदा पक्कं करते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेतीन तासांचा, उरलेल्या काळात साडेचार. २०२६ मध्ये हे रविवार २९ मार्च आणि २५ ऑक्टोबरला येतात. म्हणजे सकाळी साडेसातची सुरुवात उन्हाळ्यात आपल्या अकराला आणि हिवाळ्यात बाराला. संध्याकाळी साडेचारचा शेवट उन्हाळ्यात आठला, हिवाळ्यात नऊला. ऑक्टोबरच्या बदलानंतरच्या सोमवारी सवयीने अकराला फोन लावला तर तासभर आधी लागतो, त्यात विशेष नुकसान नाही. महागात पडतो तो मार्चचा बदल: रात्री नऊपर्यंत वेळ आहे म्हणून तुम्ही निवांत असता आणि ते आठलाच निघून गेलेले असतात. वेबसाइटवर वेळेपुढे MEZ किंवा CET, म्हणजे तिकडची हिवाळ्यातली वेळ, असं लिहिलेलं असलं तरी उन्हाळ्यात त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नका. ती अक्षरं बाराही महिने तशीच छापलेली राहतात; ऑफिस भिंतीवरच्या घड्याळावर चालतं. मोबाइलच्या वर्ल्ड क्लॉकमध्ये बर्लिन टाकून ठेवा, बदल आपोआप होतो.

लहान कंपन्यांत दुपारी बारा ते एक जेवणाची सुट्टी असते आणि त्या वेळी सर्व्हिसचा फोन वाजत राहू शकतो. उन्हाळ्यात आपले साडेतीन ते साडेचार. शेवटच्या अर्ध्या तासातला फोनही मी टाळते. उचलतात, पण त्या वेळी तंत्रज्ञ निघण्याच्या तयारीत असतो आणि तुमचं प्रकरण उद्यावर जातं. मला विचाराल तर उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन ही तुमच्यासाठी सगळ्यात चांगली वेळ.

गूगल मॅप्सवर कंपनीच्या नावाखाली ‘उघडे आहे’ असं दिसतं, त्याचं काय? ते त्या जागेच्या स्थानिक वेळेनुसार दाखवलेलं असतं, त्यामुळे त्यात पुन्हा साडेतीन तास मिळवू-वजा करू नका. पण दुकान-हॉटेलांसाठी ते जितकं खरं असतं तितकं कारखान्यांसाठी नसतं. तिथे कुणीतरी कधीतरी रिसेप्शनची किंवा गेटची वेळ भरून ठेवलेली असते. त्या पानाचा एक उपयोग मात्र पक्का आहे: सरकारी सुट्टीच्या दिवशी वेळांपाशी ‘वेळा वेगळ्या असू शकतात’ अशा अर्थाची सूचना येते. ती दिसली की त्या राज्याचं कॅलेंडर उघडा. ब्र्युकेनटागला ती येत नाही, मालकाने स्वतः भरल्याशिवाय.

फोन करायच्या पाच मिनिटं आधी मी सर्व्हिसच्या पत्त्यावर ईमेल टाकते: मशीनचा नंबर, अलार्मचा नंबर, स्क्रीनचा फोटो. तो पुढे लागतोच, पण लगेच उपयोग असा की ऑफिस बंद असेल तर अनेकदा आपोआप उत्तर येतं. जर्मन कळत नसलं तरी त्यातली तारीख शोधा. bis म्हणजे ‘पर्यंत’, ab म्हणजे ‘पासून’. ‘ab 08.06.’ म्हणजे ८ जूनपासून भेटतील. तारीख आपल्यासारखीच दिवस आधी, महिना नंतर. उत्तर एखाद्या माणसाच्या नावाने आलं असेल तर तो एकटाच रजेवर आहे, आणि तिथेच सहसा बदली माणसाचा नंबर दिलेला असतो.

एवढं करूनही खात्री नसेल तर फोन लावा आणि पहिले दहा सेकंद नीट ऐका. रेकॉर्डिंगमध्ये ‘आउसरहाल्ब’ आणि ‘गेशेफ्ट्सत्सायटेन’ असे शब्द आले तर तुम्ही कामाच्या वेळेबाहेर आहात; ठेवून द्या, आयएसडीचे पैसे वाचवा. ‘बिटे वार्टेन’ ऐकू आलं तर ते तुम्हाला थांबायला सांगताहेत. ऑफिस चालू आहे, लाइनवर राहा. कितीतरी लोक नेमका इथे फोन ठेवतात. आणि ‘काइन आन्श्लुस’ ऐकू आलं तर तुम्ही लावलेला नंबर अस्तित्वातच नाही, बहुतेक ते कंसातलं शून्य राहिलंय.

तिकडे बंदच आहे असं ठरलं तर अलार्मचा नंबर एकदा पुन्हा बघा. सगळे अलार्म मशीन बनवणाऱ्याचे नसतात. उदाहरणार्थ सीमेन्सच्या ८४०डी कंट्रोलवर ७००००० पासून ७९९९९९ पर्यंतचे अलार्म मशीन बनवणाऱ्याने पीएलसीत लिहिलेले असतात. त्यांच्यासाठी जर्मनीचीच वाट बघावी लागते. त्याखालचे क्रमांक कंट्रोल किंवा ड्राइव्हचे असतील तर कंट्रोल बनवणाऱ्या कंपनीचं भारतातलं सर्व्हिस केंद्र आपल्याच वेळेत मदत करू शकतं. आणि ज्या कंपनीची ‘चोवीस तास’ हॉटलाइन आहे, तिथे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बहुधा तक्रार लिहून घेणारा माणूस असतो. तंत्रज्ञाचा परत फोन यायचा तर तुमचा त्या पातळीचा करार असावा लागतो. करार कुठल्या दिवसांना लागू आहे, ते कागदावर आत्ताच बघून ठेवा.

डिसेंबरचं तेवढं आधीच नियोजन करा. २४ आणि ३१ डिसेंबर जर्मनीत सरकारी सुट्ट्या नाहीत, तरी मशीन कंपन्या या दिवशी सहसा बंदच असतात, आणि पुष्कळ ठिकाणी मधला सगळा आठवडाही. त्यात बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ६ जानेवारी सुट्टीचा. २०२७ साली ६ जानेवारी बुधवारी येतो, म्हणजे त्याआधीचे सोमवार-मंगळवारही बंद ठेवणारी कंपनी तुमच्यासाठी गुरुवारी, ७ तारखेला उघडेल आणि त्या दिवशी तुमचं शॉप बंद असेल. तुमचा पहिला फोन शुक्रवारी, ८ जानेवारीला, दुपारी बारानंतर. हिवाळा असल्यामुळे साडेसहापर्यंत.